लेबलवर ४८, फोटोत ४२: कमी आलेल्या बरण्या आणि तक्रारीचा मेल

काचेच्या छोट्या बरण्या मागवल्या होत्या ऑनलाइन, ४८ चा सेट. मणी, बटणं, सुटे स्क्रू असला सगळा बारीकसारीक पसारा एकदाचा लावून टाकायचा म्हणून. पार्सल आलं, खोक्यावर स्टिकर होतं '४८ नग', उघडलं, वरून एक फोटो काढला आणि ताईला पाठवला, नुसतं दाखवायला की बघ गं आल्या. मोजायचं वगैरे डोक्यातच नव्हतं. चार बरण्या त्याच दिवशी धुऊन वापरायला पण काढल्या. चौथ्या दिवशी उरलेल्या धुवायला घेतल्या आणि पुसून सहा-सहाच्या रांगा लावत बसले, तर सहा रांगा झाल्या आणि वर दोनच उरल्या. म्हणजे ३८, आणि वापरातल्या ४ धरून ४२. सहा गायब.

पहिलं काम म्हणजे घर पालथं घातलं, कारण आपलाच वेंधळेपणा असण्याची शक्यता नेहमी जास्त असते (माझ्या बाबतीत तरी). खोकं माळ्यावर टाकलेलं, ते खाली काढलं, आत चुरगळलेला ब्राउन पेपर तसाच होता, तो उलगडून बघितला. काही नाही.

मग लक्षात आलं की मी आज घरी बसून ४२ मोजल्या याला विक्रेत्याच्या दृष्टीने काडीची किंमत नाही. तो म्हणणार, चार दिवस पार्सल तुमच्याकडे होतं, सहा बरण्या कुठे गेल्या आम्हाला काय माहीत. आणि त्याचं चूक पण नाही. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ काढला नव्हता. पार्सल उघडल्या क्षणाचा पुरावा म्हणून माझ्याकडे काय होतं, तर ताईला पाठवलेला तो एक फोटो. आणि तो मोजण्यासाठी काढलेलाच नव्हता, हीच खरी गोची.

फोटोत मोजणं सोपं वाटतं पण अजिबात नाही. पहिल्यांदा बोटाने स्क्रीनवर मोजत गेले, ४३ आल्या. परत मोजल्या, ४१. ताईने तिकडे मोजल्या, तिच्या ४२. झाकणं चकचकीत, त्यात खिडकीचा उजेड पडलेला, दोन शेजारची झाकणं उजेडात मिसळून एकच दिसत होती. एका बरणीचं झाकण निघून बाजूला पडलेलं, तर मी झाकणही एक मोजत होते आणि उघडी बरणी पण एक मोजत होते, म्हणून ४३. आणि फोटो सरळ वरून नव्हता, थोडा तिरका होता, त्यामुळे माझ्या बाजूच्या खोक्याच्या भिंतीने शेवटची रांग अर्धी झाकली होती, झाकणांच्या नुसत्या कडा दिसत होत्या.

शेवटी फोटोची एक कॉपी केली, फोनमधल्या एडिटने प्रत्येक झाकणावर लाल ठिपका दिला आणि रांगेच्या कडेला आकडा लिहीत गेले. एकूण किती हे मोजायचंच नाही, फक्त ही एक रांग किती तेवढंच. असं केल्यावर चित्र एकदम स्वच्छ झालं: सहा आडव्या रांगा, वरच्या तीन रांगांत प्रत्येकी ८, खालच्या तिन्हीत प्रत्येकी ६. म्हणजे २४ आणि १८, ४२. खोक्यात सहा गुणिले आठ अशी ४८ ची जागा बरोबर होती आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात, दोन बाय तीन बरण्यांच्या जागेत, तो ब्राउन पेपर कोंबलेला होता. फोटो चार दिवस फोनमध्ये होता आणि मी त्या कागदाला पॅकिंग समजत होते. आता म्हटलं सापडलं सगळं, आणि उत्साहाच्या भरात लगेच मेल केला.

तो पहिला मेल म्हणजे काय करू नये याचा नमुना होता. विषयात लिहिलं 'बरण्या कमी आल्या', आत लिहिलं की लेबलवर ४८ आहेत आणि फोटोत बघा ४२ च आहेत, ही फसवणूक आहे, लवकरात लवकर काहीतरी करा. आणि सोबत जोडला ताईच्या चॅटमधून परत सेव्ह केलेला फोटो. चॅटमधून गेलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, कधी काढला ती तारीख-वेळही फाइलमधून निघून जाते, आणि झूम केलं की झाकणांचा नुसता लगदा दिसतो. बरं काहीतरी करा म्हणजे काय करा, हेही मी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर: आमच्या नोंदीप्रमाणे आपल्या ऑर्डरमधील क्वांटिटी १ असून १ नग डिलिव्हर झालेला आहे, तिकीट बंद करत आहोत.

मी तिडकीने उठलेच आधी. नंतर ऑर्डरची स्लिप बघितली तर खरंच, क्वांटिटी १. कारण त्यांच्यासाठी विकायची वस्तू म्हणजे 'सेट', आणि सेट एकच मागवला होता. कुरिअरच्या लेबलवर पण १ च. ४८ हा आकडा फक्त दोन ठिकाणी होता, खोक्यावरच्या स्टिकरवर आणि ऑर्डर पेजवरच्या वर्णनात. म्हणजे मेल वाचणाऱ्या माणसासमोरच्या स्क्रीनवर १ पैकी १ पोचलं असं हिरव्या अक्षरात दिसत असणार, आणि मी त्याला ४८ आणि ४२ सांगतेय. त्याने बंद केलं तर नवल काय. मी सेट आणि नग हा फरक पहिल्याच ओळीत सांगायला हवा होता.

त्याच तिकिटाला रिप्लाय करून, नवीन न उघडता, एवढं समजावून सांगितलं आणि फोटो परत पाठवला, या वेळी गॅलरीतला ओरिजिनल. नवीन तिकीट उघडलं की बहुतेक वेळा नवा माणूस, नवी सुरुवात, आणि आधीचं काहीच त्याच्यासमोर नसतं, म्हणून जुन्यातच चिकटून राहायचं. या वेळी खरोखर कोणीतरी फोटो उघडून पाहिला असावा, कारण उत्तर आलं ते मुद्द्याचं होतं: फोटोमध्ये उजव्या कोपऱ्यात पॅकिंग पेपर दिसत असून उर्वरित ६ बरण्या त्याखाली असाव्यात, कृपया तपासून पाहावे.

आता खरं सांगायचं तर हे उत्तर वाचून मी गप्पच झाले. कारण बरोबर होतं ते! फोटोत ४२ दिसतात म्हणजे पार्सलमध्ये ४२ होत्या असं होत नाही ना. फोटोत फक्त दिसतं तेवढंच असतं. आणि ज्या जागी सहा बरण्या नाहीत असं मी म्हणत होते नेमकी तीच जागा कागदाने झाकलेली. माझा पुरावा जिथे हवा तिथेच आंधळा.

खाली दुसरा थर असेल ही शंका तरी मला आधीच मिटवता आली होती, कारण खोकं आतून ७ सेंटिमीटर खोल आणि बरणी झाकणासकट ६ सेंटिमीटर उंच, म्हणजे एकावर एक बसूच शकत नाहीत. त्यामुळे वरून जेवढी झाकणं तेवढ्याच बरण्या, हे कागदाची जागा सोडून बाकी सगळीकडे पक्कं. (तुमच्या पार्सलमध्ये वस्तू सुट्या ढिगात असतील किंवा थरांत असतील तर वरून काढलेल्या फोटोवरून मोजायच्या भानगडीत पडूच नका, वरचे तेवढे मोजले जातात.) प्रश्न त्या एका कोपऱ्याचा होता.

ताई म्हणाली, "अगं पण काच आहे ना ती, वजन असेल की. खोक्यावर वजन नसतं का लिहिलेलं?"

असतं! कुरिअरच्या लेबलवर बारकोडच्या खाली बारीक अक्षरात होतं, २.९० किलो. ते खोकं फेकलं नाही हे माझं नशीब, नाहीतर लेबल आणि स्टिकर दोन्ही गेलं असतं.

मग घरातला डिजिटल काटा काढला. आधी दहा बरण्या झाकणासकट एकत्र ठेवल्या, ६२१ ग्रॅम. एकेक करून नाही, कारण काचेच्या बरण्या अगदी सारख्या वजनाच्या नसतात, ग्रॅम-दोन ग्रॅम इकडेतिकडे असतातच, दहाचं वजन भागिले दहा केलं की सरासरी बऱ्यापैकी खरी येते. ६२.१ ग्रॅम एक. म्हणजे सहा बरण्या साधारण ३७३ ग्रॅम. नंतर सगळ्या ४२, त्या वापरायला काढलेल्या ४ रिकाम्या करून पुसून त्यांच्यासकट, परत खोक्यात लावल्या, तोच कागद त्याच कोपऱ्यात कोंबला, झाकण बंद करून अख्खं खोकं काट्यावर ठेवलं. २.८९ किलो.

आता बघा, लेबलवर २.९० आणि माझ्याकडे ४२ सकट २.८९. त्यात सहा बरण्या असत्या तर खोकं ३.२६ किलो भरलं असतं. हा फरक पाव किलोपेक्षा जास्त आहे, काट्याची चूक म्हणून खपणारा नाही. आणि यात सगळ्यात भारी गोष्ट ही की माझ्यावरचा संशयही यातच जातो, कारण पार्सल निघालं तेव्हाचं वजन आणि आज माझ्या घरातलं वजन जवळपास एकच आहे, मधे कोणी काही काढलेलं नाही.

पण लगेच मेल नाही केला. एकदा तोंड पोळलं होतं. लेबलवरचं वजन नेहमी खरं तोललेलंच असतं असं नाही. कधी कधी ते आकारावरून काढलेलं असतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, आणि भागिले ५००० (बऱ्याच कुरिअर कंपन्या हाच आकडा धरतात), मोठं पण हलकं खोकं असेल तर त्यावरच पैसे लावतात. माझं खोकं बाहेरून ३८ बाय २९ बाय ८, गुणाकार ८८१६, भागिले ५००० म्हणजे १.७६. लेबलवर २.९० आहे, म्हणजे ते आकारावरचं नक्कीच नाही. दुसरी शक्यता अशी की विक्रेत्याने प्रत्येक सेटसाठी एकच ठरलेलं वजन सिस्टिममध्ये भरून ठेवलं असेल आणि तेच सगळ्या लेबलांवर छापलं जात असेल. हे मला घरी बसून कळण्यासारखं नव्हतं. ट्रॅकिंगच्या पानावर गेले, तिथे हबला स्कॅन झाल्याच्या ओळीत पण २.९० होतं, पण तोही आकडा लेबलवरूनच उचललेला असू शकतो. मग म्हटलं हे त्यांनाच विचारू, कारण त्यांच्याकडे तर याच सेटच्या बाकी ऑर्डरींचं वजन असणार. सगळ्या सेटचं २.९० असेल तर माझा मुद्दा पडला. बाकीच्यांचं ३.२६ च्या आसपास असेल तर संपलाच विषय.

तर हा शेवटचा मेल, जसाच्या तसा, फक्त नंबर काढलेत:

"विषय: तिकीट क्र. ___ / ऑर्डर क्र. ___: सेट १ मिळाला, आत ४८ ऐवजी ४२ बरण्या

नमस्कार,

मला ऑर्डरप्रमाणे १ सेट मिळाला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार सेटच्या आतल्या नगांबद्दल आहे. खोक्यावरच्या स्टिकरवर आणि आपल्या पानावर ४८ बरण्या लिहिल्या आहेत, मला ४२ मिळाल्या.

फोटो १ हा पार्सल आल्याच्या दिवशी सकाळी ११:४२ चा आहे, डिलिव्हरीची नोंद ११:२० ची आहे. फोटो २ म्हणजे त्याचीच कॉपी, त्यात प्रत्येक बरणीवर ठिपका आणि रांगेनुसार आकडा दिला आहे: ८, ८, ८, ६, ६, ६.

आपण म्हणालात की उरलेल्या ६ कागदाखाली असाव्यात. फोटोवरून हे ठरवता येत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून वजन पाहिलं. कुरिअर लेबलवर २.९० किलो आहे (फोटो ३). ४२ बरण्या आणि तोच कागद भरून खोक्याचं वजन २.८९ किलो येतं (फोटो ४). ४८ असत्या तर ते सुमारे ३.२६ किलो झालं असतं.

आपल्याकडे याच सेटच्या इतर पार्सलांचं वजन असेल, कृपया त्याच्याशी ताडून पाहावं.

४ बरण्या वापरलेल्या असल्याने मला पूर्ण सेट परत करायचा नाही. कृपया उरलेल्या ६ बरण्या पाठवा, किंवा ते शक्य नसेल तर किमतीच्या ४८ पैकी ६, म्हणजे एक अष्टमांश रक्कम परत करा. मूळ खोकं, स्टिकर आणि लेबल माझ्याकडे आहे, हवे ते फोटो पाठवीन.

पुढच्या ५ कामाच्या दिवसांत कळवावं ही विनंती."

हा लिहायला मला तास गेला, आणि तो सगळा तास वाक्यं खोडण्यात गेला. 'फसवणूक' शब्द काढला, कारण मला माहीतच नव्हतं की कोणी मुद्दाम केलंय. 'फोटोत स्पष्ट दिसतं' हे काढलं, कारण दिसत नव्हतं. आणि 'मान्य आहे' हे वाक्य मुद्दाम ठेवलं, ताई नको म्हणत होती, तुझीच बाजू कशाला लंगडी करतेस म्हणे. मला वाटलं की त्यांनी काढलेली खुसपट आपणच मान्य केली की पुढचा माणूस तीच परत काढत बसत नाही, वजनावरच यावं लागतं त्याला.

फोटो ४ बद्दल एक सांगते. काट्यावर खोकं ठेवलं की खोकं काट्यापेक्षा मोठं असल्याने आकडा त्याच्या खाली झाकला जातो. मी उलटी ठेवलेली जड वाटी काट्यावर ठेवून आधी शून्य केलं आणि मग वाटीवर खोकं तोललं, आकडा मोकळा दिसतो. एकाच फोटोत आकडा, खोकं आणि त्यावरचं लेबल तिन्ही यायला हवं, वेगवेगळे फोटो दिले तर काट्यावर दुसरंच काहीतरी ठेवलंय असं कोणीही म्हणू शकतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं, गैरसोयीबद्दल दिलगिरी आणि पुढच्या खरेदीवर ५ टक्क्यांचं कूपन. एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के होतात, आणि तेही पुढच्या खरेदीवर नाही तर याच्यावर. मी दोन ओळींत तेवढंच लिहिलं आणि वजन ताडलंत का एवढं विचारलं. कूपन घेतलं असतं तर तिकीट 'समाधान झाले' म्हणून बंद झालं असतं, म्हणून त्या बटणाला हातच लावला नाही.

त्यानंतर एका वेगळ्याच व्यक्तीचा मेल आला, भाषेवरून गोडाऊनकडचं कोणीतरी वाटलं, कारण दिलगिरी वगैरे काही नव्हतं, थेट होतं. त्या सेटची इतर पार्सलं ३.२५ ते ३.२८ किलोच्या मधे आहेत, तुमचं एकच २.९० आहे. पॅकिंगच्या वेळी तडा गेलेल्या बरण्या काढून घेतात, जागा हलू नये म्हणून तात्पुरता कागद घालतात आणि नंतर नवीन भरतात, तुमच्या खोक्यात भरायच्या राहून सील झालं असावं. ६ बरण्या पाठवत आहोत.

म्हणजे त्या कागदाखाली खरंच सहा बरण्यांची गोष्ट होती, फक्त उलटी.

एक मात्र आहे, हे सगळं जमलं कारण बरणी ६२ ग्रॅमची होती. सहा बटणं कमी आली असती तर ती दोन-चार ग्रॅम लेबलवरच्या दोन दशांशांत कुठल्या कुठे विरघळली असती, आणि तिथे वजनाचा काही उपयोग नव्हता, मग उघडतानाचा व्हिडिओच हवा. तसंच खोकं कागदाने गच्च भरलेलं असेल आणि तुम्ही तो कागद फेकला असेल तरी गणित डगमगतं, कागद वाटतो त्यापेक्षा जड असतो.

सहा बरण्या आठवड्याने आल्या. या वेळी खोकं आधी न उघडताच काट्यावर ठेवलं, मग वरून सरळ फोटो काढला, कागद बाजूला काढून अजून एक काढला, आणि मोजल्या. सहाच्या सहा. झाकणांचा रंग किंचित वेगळा आहे, आधीची पिवळसर आणि ही पांढरट चंदेरी. कपाटात मागच्या रांगेत लावल्यात, त्यात स्क्रू भरलेत. ताईला फोटो पाठवला तर तिचा लगेच रिप्लाय, "पाचच दिसतायत."